एका कानाचे तीन फोटो

*डॉक्टर, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, वजन १७ किलो. संक्रांतीच्या आधी चार-पाच दिवस त्याला सर्दी होती. संक्रांतीच्या रात्री उजवा कान ठणकायला लागला, रात्रभर रडला, ताप १०२. सकाळी बालरोगतज्ज्ञांनी कानात बघून फोटो काढला (फोटो १), इन्फेक्शन आहे म्हणाले आणि अमॉक्सिसिलिन दिलं. त्याच रात्री अडीच वाजता रडणं एकदम थांबलं. सकाळी बघते तर उशीवर पिवळट डाग. यांनी ऑनलाइन मागवलेला कानाचा कॅमेरा घरात होता, त्याने व्हिडिओ घेतला. त्यात पडद्यावर काळा ठिपका दिसतो (फोटो २). भोक पडलंय, आता ऑपरेशन लागणार, असं हे म्हणाले. औषध सात दिवस पूर्ण दिलं, कान वाहायचा थांबला. चार आठवड्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं तर ते म्हणतात भोक नाही, आत पाणी आहे, तेही दोन्ही कानांत. औषध नको, थांबा म्हणाले (फोटो ३, सोबत मशीनची पट्टी). तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. कुणाचं खरं? मुलगा हाक मारली तरी ऐकत नाही, टीव्ही मोठा लावतो. सासूबाई लसणाचं तेल घालू म्हणतात. सुट्टीत पोहायला घालायचं ठरवलं होतं.*
*– एक आई, इंदिरानगर, नाशिक*

ताई, तिघांचंही खरं आहे. तुमच्या यजमानांचंसुद्धा, फक्त ऑपरेशनचं तेवढं सोडून. तुम्हाला तीन वेगवेगळी मतं वाटली ती एकाच दुखण्याच्या तीन वेगवेगळ्या दिवसांची चित्रं आहेत. पहिल्या दिवशी पडद्यामागे पू होता, दुसऱ्या दिवशी तो पडदा फोडून बाहेर आला, आणि चार आठवड्यांनी फुटलेली जागा मिटून आत नुसतं पाणी उरलं. फोटो तुम्ही जपून ठेवलेत आणि क्रमाने पाठवलेत, म्हणून हे एवढ्या खात्रीने सांगता येतंय. एकटा तिसरा फोटो आला असता तर मलाही चार प्रश्न उलटे विचारावे लागले असते.

आधी एक गोष्ट शिकून घ्या, म्हणजे तिन्ही फोटो तुमचे तुम्हालाच वाचता येतील. कानाचा पडदा साधारण ९ मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या लहान बटणाएवढा. जाडी जेमतेम वहीच्या कागदाइतकी. चांगला पडदा राखाडी असतो, त्याला मोत्याची झाक असते आणि तो ट्रेसिंग पेपरसारखा अर्धवट पारदर्शक असतो. त्याच्यामागे हवेने भरलेली एक चिमुकली खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. या पडद्यात वरून खाली, मधोमध येऊन थांबणारी एक फिकट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आतल्या हातोडीच्या हाडाचा दांडा. त्याचं टोक पडद्याला मध्यभागी घट्ट चिकटलेलं असतं. टोकापासून खाली, नाकाच्या बाजूला, बॅटरीच्या उजेडाचा एक चकाकता त्रिकोण दिसतो. पडद्याला घड्याळ मानलं तर उजव्या कानात तो पाचच्या आकड्याकडे असतो आणि डाव्या कानात सातच्या.

फोटो हातात आला की सगळे आधी रंग बघतात. लाल दिसलं की इन्फेक्शन! पण मूल दहा मिनिटं ओरडून रडलं की दोन्ही पडदे लाल होतात. ताप असला तरी होतात, कान पुसला तरी होतात. दवाखान्यात कान दाखवताना न रडणारं पाच वर्षांचं मूल मी क्वचितच पाहिलंय. त्यामुळे नुसत्या लालीवर मी कधी निदान करत नाही. मी दांडा शोधतो. तो जागेवर आहे का, बुडालाय का, की आडवा झालाय? पडदा बाहेर फुगलाय की आत ओढला गेलाय, हे दांड्यावरून कळतं आणि कानाचं अर्धं निदान तिथेच होतं.

आता फोटो १. यात दांडा दिसतच नाही. पडदा पिवळट-पांढरा, कडेने लालभडक, अपारदर्शक. गोल फुगलेला आणि मधोमध खळगा. मेदूवडा आठवा, तसाच. खळगा मध्येच का, तर दांड्याचं टोक तिथे पडद्याला धरून आहे. मागून पुवाचा दाब आला की बाकीचा पडदा बाहेर येतो, पण मधला बिंदू मागेच राहतो. फोटोत ही आकृती दिसली आणि सोबत ताप व ठणका असला की तो मध्यकर्णाचा ताजा जंतुसंसर्ग. त्यात वादाला जागा नाही. बालरोगतज्ज्ञांनी अमॉक्सिसिलिन दिलं ते योग्यच केलं. दुखणं सौम्य असतं, ताप बेताचा असता, तर दोन वर्षांवरच्या मुलात दोन-तीन दिवस नुसतं वेदनाशामक देऊन वाट बघता येते, कारण बरेच कान आपले आपण बरे होतात. पण रात्रभर रडलेल्या, १०२ ताप असलेल्या आणि असा मेदूवडा दिसणाऱ्या मुलात मीही थांबलो नसतो.

त्या रात्रीबद्दल एक सांगायचं राहिलंय, कारण असा कान पुन्हा दुखू शकतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस ठणका थांबवत नाही. त्याला एक-दोन दिवस लागतात. रात्रीचा ठणका पॅरासिटामॉलने कमी होतो, आणि घरोघर ते कमी पडतं, कारण आई-वडील जुन्या अंदाजाने अर्धा चमचा देतात. हिशेब वजनाचा आहे. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलाला १७ किलोला २५० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये २५०’ असं लिहिलं असेल तर ५ मिली, ‘५ मिलीमध्ये १२५’ असेल तर १० मिली. दोन डोसांत सहा तास, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. आणि बाटलीसोबत येतं त्या मापानेच द्या, चहाच्या चमच्याने नको.

आता रात्रीच्या अडीच वाजताची गोष्ट. आपल्याकडे म्हणतात ‘कान फुटला’. हा शब्द ज्याने कुणी काढला त्याने कानात न डोकावताच बरोबर ओळखलं होतं. आतला पू दाबाने पडद्याचा सगळ्यात ताणलेला भाग फोडून बाहेर येतो. दाब गेला की ठणका गेला. म्हणून मूल मिनिटभरात शांत झोपतं आणि सकाळी उशीवर डाग दिसतो, कधी त्यात रक्ताची रेघही असते. आईचा जीव त्या डागाने उडतो, पण मुलाला त्या क्षणापासून बरंच वाटायला लागलेलं असतं.

फोटो २ नुसता फोटो म्हणून आला असता तर त्यावर विश्वास ठेवायला मी तयार झालो नसतो. घरच्या कॅमेऱ्यात काळा ठिपका दिसणं यात काही विशेष नाही. मळाची खपली, सुकलेल्या रक्ताचा थेंब, केसाची सावली, काहीही काळं दिसतं. शिवाय भिंग पडद्याच्या इतकं जवळ जातं की केस बांबूएवढा होतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक विहिरीसारखं. त्यातून कॅमेरा हातात फिरतो, त्यामुळे फोटोतलं ‘वर’ खरंच वर आहे की बाजूला, तेही कळत नाही. पण तुम्ही मूळ व्हिडिओही पाठवलात. त्यात बाराव्या सेकंदाला हात क्षणभर स्थिर झालाय. तिथे ठिपक्यावर एक ओला थेंब उभा आहे आणि त्यावरची चकाकी लुकलुकतेय. पुन्हा बघा, मोबाइलवर हळू करून बघा. ती नाडीच्या ठोक्याबरोबर लुकलुकते. आतली सुजलेली त्वचा प्रत्येक ठोक्याला किंचित फुगते आणि बारीक छिद्रातून पुवाचा थेंब पुढे-मागे होतो. दूरच्या दीपगृहाच्या दिव्यासारखं दिसतं ते, आणि आमच्या विद्येत त्याला त्याच अर्थाचं नाव आहे. खपली अशी लुकलुकत नाही. म्हणजे भोक होतं. यजमानांचं निदान बरोबर निघालं, त्यांना तसं सांगा.

भोक कुठे आणि केवढं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्याच सेकंदाला दांडाही ओझरता दिसतो, म्हणजे मेदूवडा बसायला लागलाय. दांड्यावरून दिशा लावली तर ठिपका खालच्या, पुढच्या भागात पडतो. चारही बाजूंनी पडदा शाबूत आहे. दांड्याच्या जाडीशी ताडून पाहिलं तर आकार खसखशीच्या दाण्याएवढा, एखाद मिलिमीटरचा. इन्फेक्शनने फुटलेल्या पडद्याचं भोक असं आणि इथेच असतं. ते बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपलं आपण मिटतं. ऑपरेशनचा विचार अशा भोकासाठी करतच नाहीत. तीन महिने उलटूनही जे भोक उघडं राहतं त्याचं बघावं लागतं, आणि तेही मूल थोडं मोठं होईपर्यंत थांबून.

ज्या भोकाला मी घाबरतो ते वेगळं. पडद्याच्या अगदी वरच्या टोकाशी किंवा मागच्या काठाला लागून असलेलं. तिथे पांढरी साल किंवा सुकलेली पिवळी खपली दिसते, कान थोडा थोडा पण महिनोन् महिने वाहतो आणि घाण वास येतो. दुखतही नाही, म्हणून घरचे अंगावर काढतात. तिथे त्वचेची साल आत साठत जाऊन आजूबाजूचं हाड खात असते. अशा कानाला औषधाने गुण येत नाही, शस्त्रक्रियाच लागते. तुमच्या तिन्ही फोटोंत वरचा भाग जेवढा दिसतो तेवढा स्वच्छ आहे, आणि तज्ज्ञांनी तो दुर्बिणीखाली पाहून कागदावर तसं लिहिलंही आहे.

आता फोटो ३, ज्याने तुमचा गोंधळ झाला. यात फुगवटा नाही, लाली नाही. रंग मधासारखा आणि पडद्यामागे दोन-तीन बुडबुडे. दांडा दिसतोय, पण आखूड आणि आडवा झालेला. पडदा आत ओढला गेला की दांड्याचं खालचं टोक आपल्यापासून लांब जातं, म्हणून समोरून तो आखूड दिसतो. फोटो १च्या अगदी उलट चित्र हे. तिथे पडदा बाहेर, इथे आत.

आत का ओढला गेला, हे नाशिककरांना समजावणं सोपं आहे. मुंबईला जाताना कसारा घाट उतरलात की कानाला दडे बसतात ना? खाली उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, कानातली हवा वरच्याच दाबाची राहते आणि पडदा आत दाबला जातो. आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन कान मोकळा होतो, कारण नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे जाणारी एक नळी त्या क्षणी उघडते आणि हवा आत जाते. लहान मुलांत ही नळी आखूड असते, आडवी असते आणि सर्दीत सुजून बंद राहते. मग आतली हवा हळूहळू शोषली जाते, नवीन येत नाही, पोकळी तयार होते आणि तिथे पाणी पाझरतं. तुमचा मुलगा गेले चार आठवडे घाट उतरून कसाऱ्यालाच थांबलाय असं समजा, ‘टक्’ व्हायचं बाकी आहे. बुडबुडे दिसतात ही त्यातली चांगली खूण, थोडी हवा आत शिरायला लागल्याची.

हे पाणी म्हणजे राहिलेलं इन्फेक्शन नव्हे. त्यात ताप नाही, ठणका नाही. इन्फेक्शन बरं झाल्यावर महिनाभराने शंभरातल्या चाळीसएक मुलांच्या कानात असं पाणी असतंच, आणि तीन महिन्यांपर्यंत बहुतेकांचं ओसरतं. म्हणून तज्ज्ञांनी औषध दिलं नाही. पुन्हा अँटिबायोटिक देऊन, सर्दीच्या गोळ्या किंवा ॲलर्जीचं सिरप देऊन ते लवकर जात नाही. या औषधांनी मूल पेंगतं, पोट बिघडतं, आणि पाणी आपल्या गतीनेच जातं.

आता तुमची खरी शंका: भोक मिटलंय कशावरून? फोटो ३मध्ये खालच्या-पुढच्या भागात एक काळपट गोल दिसतो आणि तुम्ही त्याच्याभोवती पेनाने वर्तुळ काढून पाठवलंय. नजर चांगली आहे तुमची. पण त्याच वर्तुळाने माझी एकदा फजिती केली आहे, ती सांगतो. शिकत असताना ओपीडीत सात-आठ वर्षांच्या एका मुलीचा पडदा पाहून मी तिच्या वडिलांना ठामपणे सांगितलं की भोक आहे, पुढे कधीतरी ऑपरेशन लागेल. माणूस रडकुंडीला आला. माझ्या सरांनी येऊन कानात बघायच्या ऑटोस्कोपला रबरी फुगा लावला, मला डोळा लावायला सांगितलं आणि फुगा हळूच दाबला. माझं ‘भोक’ हललं! भोक कसं हलेल? हलतो तो पडदाच. पडदा मूळचा तीन थरांचा असतो. फुटलेली जागा भरून येताना बऱ्याचदा मधला तंतूंचा थर परत येत नाही, दोनच थर येतात. ती जागा इतकी पातळ आणि पारदर्शक राहते की आतला अंधार आरपार दिसतो आणि डोळ्याला भोकच वाटतं. सर मला काही बोलले नाहीत. त्या वडिलांना मात्र मलाच जाऊन सांगायला लावलं.

फोटो हलत नाही, हीच त्याची मोठी उणीव. म्हणूनच तज्ज्ञांनी मशीनची ती पट्टी काढली आणि तुमचं उत्तर त्या पट्टीवर आहे. त्या तपासणीत कानात रबरी बोळा बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. चांगल्या पडद्याचा आलेख टेकडीसारखा येतो. तुमच्या पट्टीवर दोन्ही कानांची रेघ सपाट आहे, त्याला टाइप बी म्हणतात. सपाट रेघ दोन कारणांनी येते. मागे पाणी असल्याने पडदा हलत नाही, किंवा पडद्याला भोक असल्याने दाब धरतच नाही. हे दोन वेगळे करायला खाली एक छोटा आकडा छापलेला असतो, बोळ्याच्या पुढे मशीनला किती जागा सापडली त्याचा. लहान मुलाच्या कानाच्या बाहेरच्या नळीत साधारण ०.३ ते १ मिली हवा मावते. भोक असेल तर मशीन पडद्यापलीकडची मध्यकर्णाची पोकळीही मोजतं आणि आकडा दोन-अडीचच्या घरात जातो. तुमच्या पट्टीवर उजव्या कानाला ०.६ आहे, डाव्याला ०.५. म्हणजे उजव्या कानात हवा पडद्यापाशीच अडते. भोक मिटलेलं आहे, तुम्ही वर्तुळ केलेली जागा म्हणजे ती पातळ खूण आहे. डाव्या कानाला कधी भोक नव्हतंच. दोन्ही आकडे जवळपास सारखे आलेत ही आणखी एक साक्ष.

आणि हो, डावा कान कधीच दुखला नाही, तरी पाणी तिथेही आहे. हे पाणी तसं मुकं असतं. मूल तक्रार करत नाही, फक्त ऐकत नाही. मग शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरी म्हणतात हट्टी झालाय. दोन्ही कानांत पाणी असलं की ऐकू येणं साधारण २५ डेसिबलने उतरतं. कानात बोटं घालून कुणाशी बोलून बघा, तसं काहीसं. शेजारी बसलेला माणूस कळतो, दुसऱ्या खोलीतली हाक कळत नाही, आणि गोंगाटाच्या वर्गात तर काहीच धड लागत नाही. म्हणून तूर्त स्वयंपाकघरातून हाका मारू नका. जवळ जाऊन, तोंड दिसेल असं बोला. शाळेत बाईंना हे सगळं सांगून पहिल्या बाकावर बसवा. टीव्हीच्या आवाजावरून ओरडू नका, तो त्याच्या परीने बरोबरच आवाज लावतोय.

थांबायचं किती, तर उजव्या कानाची सुरुवात आपल्याला तारखेनिशी ठाऊक आहे, संक्रांत. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर पुन्हा तपासणी. तेव्हा पट्टी काढाच, आणि सोबत ऐकण्याची चाचणीही मागा, नुसतं ‘पाणी आहे की नाही’ यावर समाधान मानू नका. डाव्याचं पाणी कधीपासून आहे हे सांगता येत नाही, म्हणून त्याची तीन महिन्यांची मोजणी निदानाच्या दिवसापासून धरतात. दरम्यान उच्चार अस्पष्ट व्हायला लागले किंवा शाळेतून तक्रार आली, तर एप्रिलची वाट न बघता चाचणी करून घ्या. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकू कमी, असं असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. मूल घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का, हेही तेव्हा सांगा, कारण नाकामागची अडेनॉइड नावाची गाठ वाढली असेल तर नाकामागून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड तिथेच दाबलं जातं, आणि चार वर्षांवरच्या मुलांत ग्रोमेटच्या जोडीने अडेनॉइड काढायचाही विचार करतात. पण हे सगळं नंतरचं. बुडबुडे बघता तिथवर पाळी येईल असं मला वाटत नाही.

सासूबाईंच्या तेलाचं. पाणी पडद्याच्या आत आहे आणि तेल पडद्याच्या बाहेर पडतं, दोघांची गाठच पडत नाही. त्यातून कढवलेलं तेल किती गरम आहे हे बोटाला कळतं तसं पडद्याला सोसत नाही, आणि तुमच्या मुलाची एक जागा नव्याने भरून आलेली, पातळ आहे. पडदा फुटलेला असताना तर तेल, पाणी, मळ विरघळवणारे थेंब, यातलं काहीच नको. मेडिकलमधून परस्पर आणलेले कानाचे थेंबही नको. काही थेंबांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं, ते भोकातून आत गेलं तर आतल्या कानाला इजा करून ऐकणं कमी करू शकतं. सासूबाईंना कान शेकायचाच असेल तर इस्त्रीच्या कपड्याची कोमट घडी बाहेरून धरू द्या. ठणक्यात त्याने खरंच बरं वाटतं.

पोहायला एप्रिलच्या तपासणीनंतर घाला. पडदा अखंड असेल तर मागे थोडं पाणी राहिलं तरी वरच्या वर पोहायला हरकत नसते. सूर मारणं आणि तळाशी जाणं मात्र नको, कारण घाटाचा तोच दाब तिथे काही फुटांतच येतो.

कॅमेऱ्याबद्दल मी कडक आहे. पाच वर्षांच्या मुलाची कानाची नळी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि दुखऱ्या कानाला हात लागला की मूल मान झटकतं. कॅमेऱ्याच्या टोकाने पडदा फुटलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. तुम्ही मूल शांत झोपेत असताना, नळीच्या तोंडाशी थांबून व्हिडिओ घेतलात म्हणून निभावलं. पुन्हा दुखलं तर कॅमेरा न घालता डॉक्टरांकडे जा. तिथेही मुलाला तुमच्या मांडीवर आडवं बसवा, एका हाताने त्याचं डोकं छातीशी धरा, दुसऱ्याने दोन्ही हात. डॉक्टर कानाची पाळी मागे-वर ओढतील, त्याने नळी सरळ होते आणि पडदा दिसतो. आत मळ असेल तर आधी तो काढतील. अर्धा पडदा मळाआड असलेला फोटो कुणी वाचून दाखवला तर त्यावर विसंबू नका.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, ताप चढून मूल गुंगीत गेलं, मान ताठ झाली, तोंड एका बाजूला वाकडं वाटलं किंवा चक्कर येऊन उलट्या व्हायला लागल्या, तर वेळ रात्रीची असली तरी थेट रुग्णालय गाठा. आणि कान पुन्हा वाहायला लागून दोन आठवड्यांत थांबला नाही तरी तज्ज्ञांना दाखवा.

तिन्ही फोटो आणि ती पट्टी एका पाकिटात घालून ठेवा, प्रत्येकावर तारीख आणि कान कोणता ते लिहा. यजमानांच्या मोबाइलमधला व्हिडिओ पुसू नका. एप्रिलमध्ये जे कुणी ती पातळ जागा बघतील, त्यांना आधी बारावा सेकंद दाखवा आणि नंतर ०.६ चा आकडा.